शेतकऱ्याला माहिती विचारताना भाषा आणि आदर कसा जुळवावा? पीक सल्ला कक्षात लिहिणाऱ्यांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोबाइलवर आलेल्या संदेशांना लेखी उत्तर देणाऱ्या पीक सल्ला कक्षातील सहकाऱ्यांसाठी हे पान आहे. सल्ला कसा द्यावा हा येथील विषय नाही. सल्ला देण्याआधी अपुऱ्या संदेशावर जी विचारणा करावी लागते, ती कोणत्या भाषेत, कोणत्या लिपीत आणि किती आदरार्थी रूपात लिहावी, एवढ्यापुरतेच हे पान मर्यादित आहे.

सल्ल्यापेक्षा विचारणेच्या भाषेकडे वेगळे लक्ष का द्यायचे?

सल्ला कसाही लिहिला तरी गरजू माणूस तो वाचतो आणि समजला नाही तर कोणाकडून तरी समजून घेतो. विचारणेचे तसे नसते, कारण तिला त्याने उत्तर द्यायचे असते. तिची भाषा त्याला परकी किंवा जड वाटली, तर आपल्यालाही तशाच भाषेत लिहावे लागेल असे त्याच्या मनात येते आणि तो लिहिणे टाळतो, किंवा नुसते "हो साहेब" एवढेच कळवतो. तोवर पिकाचे दोन दिवस निघून जातात.

"सदर बाबीचा खुलासा करावा" हे वाक्य कक्षातून कोणालाही जाऊ नये. सरकारी कामकाजात खुलासा मागवतात तो चुकीबद्दल, आणि ग्रामपंचायतीशी किंवा सोसायटीशी संबंध आलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक असते. तुडतुड्यांबद्दल विचारणाऱ्या माणसाला आपल्यावरच ठपका आला आहे असे वाटण्याचे काही कारण नाही.

संदेश पाठवणाऱ्याची शैली ओळखताना नेमके काय पाहायचे?

लिपी, संबोधन, क्रियापदाचे रूप आणि वस्तूंची नावे या चार गोष्टी पाहाव्यात. लिपी तर पाहताक्षणीच कळते. संबोधनात "महोदय", "साहेब", "सर", "दादा", "भाऊ" असे काही असते किंवा काहीच नसते, आणि काहीच नसणे हीसुद्धा एक शैली आहे.

सर्वांत जास्त माहिती क्रियापदातून मिळते. "सांगा", "सांगाल का", "सांगावे" आणि "सांगावे ही विनंती" या चार रूपांतून पाठवणारा आपल्याशी किती अंतर राखून बोलतो आहे, ते स्पष्ट होते. विचारणेतील क्रियापद शक्यतो त्याच पायरीवरचे असावे. "काय फवारू ते सांगा" असे लिहिणाऱ्याला "फोटो पाठवा" हे रूप पूर्णपणे सभ्य वाटते. त्याला "छायाचित्र पाठविण्याची कृपा करावी" असे लिहिले तर त्यात आदर वाढल्याचे जाणवत नाही, फक्त समोरचा माणूस दूर गेल्यासारखा वाटतो. उलट, "उपाय सुचवावा ही विनंती" असे लिहिणाऱ्या गृहस्थांना नुसते "फोटो पाठवा" म्हटले, तर ते त्यांना तुटक वाटते.

वस्तूंची नावे आपण बदलू नयेत. त्यांनी "पराटी" लिहिले असेल तर पराटी, "माड" लिहिले असेल तर माड, "टॉनिक" लिहिले असेल तर टॉनिक. "टॉनिक" म्हणजे नेमके काय हे मात्र बहुतेक वेळा विचारावेच लागते, कारण या एका शब्दाखाली गावोगावी समुद्री शेवाळाच्या अर्कापासून संजीवकापर्यंत काहीही विकले जाते. अशा वेळी "टॉनिक म्हणजे काय म्हणायचे आहे?" असे न विचारता "टॉनिकच्या बाटलीवरचं नाव दिसेल असा फोटो पाठवा" असे लिहावे.

"तुम्ही" वापरावे की "आपण"? आणि पाठवणाऱ्याने "तू" म्हटले तर?

सर्वसाधारण रूप "तुम्ही" हेच ठेवावे. पाठवणाऱ्याने स्वतः "आपण", "आपल्या कार्यालयाकडून" किंवा "-वे" अंताची रूपे वापरली असतील, तरच "आपण" वापरावे. "आपण" वापरताना एक अडचण लक्षात ठेवावी लागते. मराठीत "आपण" म्हणजे आदरार्थी "तुम्ही"ही होते आणि "तुम्ही आम्ही मिळून" असेही होते. "आपण पुढची फवारणी कधी करायची?" असे लिहिल्यास आपण त्यांचा बेत विचारत आहोत की त्यांच्याच प्रश्नाचा पुनरुच्चार करत आहोत, हे वाचणाऱ्याला कळत नाही. म्हणून या पायरीवर "आपल्या शेतात शेवटची फवारणी कोणत्या तारखेला झाली, हे कृपया कळवावे" अशी रचना करावी, म्हणजे संदिग्धता राहत नाही.

"तू" कधीही वापरू नये. वयस्कर माणसे कक्षातील मुलाला किंवा मुलीला "बाळा, जरा सांग की" असे लिहितात आणि त्यात मायाच असते. तो मोकळेपणा स्वीकारावा, पण उत्तरात "तुम्ही" सोडू नये. शैली जुळवणे म्हणजे आरसा धरणे नव्हे. मोकळेपणा वाक्याच्या साधेपणातून दाखवता येतो आणि सर्वनामाला हात लावण्याची गरज पडत नाही.

एकच विचारणा तीन वेगळ्या माणसांना कशी लिहायची, याचे उदाहरण मिळेल का?

कपाशी लाल पडण्याची तक्रार घेऊ. हंगामात ती वारंवार येते आणि पहिल्या संदेशावरून सल्ला देणे जवळजवळ नेहमीच धोक्याचे असते. झाडाची जुनी, खालची पाने आधी लाल झाली असतील आणि शिरा हिरव्या राहून मधला भाग लाल झाला असेल, तर मॅग्नेशियमच्या कमतरतेचा संशय घ्यावा लागतो. पानांच्या कडा पिवळ्या पडून खाली वळल्या असतील, मग लाल झाल्या असतील आणि पान उलटून पाहिल्यावर फिकट हिरवे, तिरके चालणारे बारीक किडे दिसत असतील, तर ते तुडतुडे असतात. पहिल्या बाबतीत कीटकनाशकाचा खर्च वाया जातो आणि दुसऱ्या बाबतीत नुसते खत देऊन नुकसान थांबत नाही. म्हणून शिरांचा रंग, कडांची अवस्था आणि पानाची खालची बाजू एवढे विचारावेच लागते.

पहिला संदेश असा आहे: "पराटी लाल होऊन राहिली भाऊ, काय फवारू". येथे विचारणा अशी जावी: "भाऊ, पराटीची जी पानं लाल झाली, त्यांच्या शिरा अजून हिरव्या आहेत का? पानाच्या कडा खाली वळल्या आहेत का? एक लाल पान उलटं करून त्याचा जवळून फोटो पाठवा, म्हणजे काय फवारायचं ते सांगता येईल." शेवटचा भाग महत्त्वाचा आहे, कारण प्रश्न का विचारतो आहोत हे त्यात त्याच्याच "फवारू" या शब्दाने सांगितले आहे.

दुसरा संदेश: "महोदय, माझ्या शेतातील कपाशीची पाने गेल्या आठवड्यापासून लालसर पडत असून, कृपया योग्य उपाय सुचवावा ही विनंती." ही लिहिण्याची सवय निवृत्त शिक्षकांत, तलाठी कार्यालयात काम केलेल्यांत आणि जुन्या पिढीतील पत्रलेखकांत आढळते. त्यांना असे लिहावे: "सप्रेम नमस्कार. नेमका उपाय सुचवण्यासाठी थोडी माहिती हवी आहे. लाल झालेल्या पानांच्या शिरा हिरव्या राहिल्या आहेत काय, तसेच पानांच्या कडा खालच्या बाजूस वळल्या आहेत काय, हे कृपया कळवावे. शक्य झाल्यास एका पानाच्या खालच्या बाजूचे जवळून घेतलेले छायाचित्र सोबत पाठवावे." समस्या किती दिवसांपासून आहे हे त्यांनी आधीच सांगितले आहे, म्हणून ते पुन्हा विचारलेले नाही. ज्याने विचारपूर्वक एक वाक्य लिहिले, त्याला त्याच वाक्यातील माहिती पुन्हा विचारली, तर "आपण" आणि "कृपया" कितीही वापरले तरी तो अनादरच ठरतो.

तिसरा संदेश कृषी पदविकेच्या विद्यार्थ्याचा असू शकतो: "सर कॉटनमध्ये रेडनिंग आहे, लोअर लीव्हजपासून स्टार्ट झालंय, मॅग्नेशियम डेफिशियन्सी असेल का?" त्याला लिहावे: "खालच्या पानांपासून सुरू झालं असेल तर मॅग्नेशियमची शक्यता आहे, पण आधी जॅसिड चेक करायला हवेत. व्हेन्स ग्रीन आहेत का? मार्जिन खाली कर्ल झालंय का? पानाच्या खालच्या बाजूचा एक क्लोजअप पाठवा." हा मुलगा निदान करूनच आला आहे, त्यामुळे त्याच्या निदानाची दखल घेऊनच प्रश्न विचारायला हवा. त्याच्यासाठी "तुडतुडे" शब्दही चालला असता. मात्र "लोअर लीव्हज" लिहिणाऱ्याला शुद्ध मराठीचा धडा देण्याची ही जागा नाही.

तिन्ही उत्तरांत विचारलेल्या गोष्टी त्याच आहेत, आणि त्या गाळायच्या नाहीत. भाषा साधी करताना प्रश्नही कमी करण्याची सवय कक्षातील नव्या सहकाऱ्यांना पटकन लागते. बोलीत लिहिणाऱ्याला फक्त फोटो मागायचा आणि विद्यार्थ्याला मात्र सविस्तर विचारायचे, असे घडू लागते. शिरा हिरव्या आहेत की नाहीत हे ज्याच्या हातात पान आहे त्याला सांगता येते, मग तो कोणत्याही भाषेत लिहीत असो.

पाठवणाऱ्याने बोलीत लिहिले, तर आपणही त्याच्या बोलीत लिहावे का?

ती बोली आपली स्वतःची नसेल तर लिहू नये. पुण्यात वाढलेल्या माणसाने "काय होऊन राहिलं ते सांगा" असे लिहिले, तर वऱ्हाडातल्या वाचणाऱ्याला ती आपुलकी वाटण्यापेक्षा नक्कल वाटण्याची शक्यता अधिक असते. अहिराणी आणि मालवणीबाबतही तेच. बोलीतील नामे घ्यावीत आणि वाक्यरचना आपली साधी बोलभाषेची ठेवावी. "पानं", "झालं", "आहे का" अशी बोलभाषेतली रूपे सगळीकडे चालतात आणि पुस्तकीही वाटत नाहीत. सहकारी स्वतः त्या भागातला असेल तर प्रश्नच नाही, त्याने खुशाल आपल्या बोलीत लिहावे.

मराठी इंग्रजी अक्षरांत लिहिलेली असेल, तर उत्तर कोणत्या लिपीत द्यावे?

विचारणा त्याच लिपीत करावी. इंग्रजी अक्षरांत लिहिणाऱ्यांपैकी अनेकांना देवनागरी उत्तम वाचता येते आणि केवळ कळफलकाच्या सोयीसाठी ते तसे लिहितात. तरीही देवनागरीत प्रश्न गेला की उत्तरही देवनागरीतच अपेक्षित आहे असे त्यांना वाटू शकते, आणि मग टाइप करण्याचा कंटाळा आडवा येतो.

याला एक अपवाद आहे. इंग्रजी अक्षरांत "कळी" आणि "काळी" सहसा एकसारखेच लिहिले जातात. डाळिंबाच्या बागेतून "kali padli" असा संदेश आला, तर कळी गळून पडली आहे की साल काळी पडली आहे, हे त्यावरून ठरवता येत नाही, आणि या दोन तक्रारींची कारणे पूर्ण वेगळी असतात. येथे तो शब्द तेवढा देवनागरीत लिहून विचारावे, किंवा त्याहून बरे म्हणजे शब्दच टाळून "झाडावरून फूल गळतंय की फळावर डाग पडलेत?" असे विचारावे. पुढे सल्ला देताना औषधाचे नाव आणि प्रमाण मात्र देवनागरीत द्यावे, कारण तेथे वाचण्यात चूक झाली तर महागात पडते.

"दादा", "ताई", "काका" अशी संबोधने आपणहून वापरावीत का?

पाठवणाऱ्याने स्वतः आपल्याला नात्याने हाक मारली असेल तरच. त्यातही घाई करू नये, कारण समोरचा पुरुष आहे की स्त्री हे ठाऊक नसते. मोबाइलवर दिसणारे नाव नवऱ्याचे किंवा सासऱ्याचे असते आणि लिहिणारी सून असते, असे अनेकदा घडते. "मी फवारणी केली" या वाक्यावरून काहीच समजत नाही, कारण तेथे क्रियापद फवारणीप्रमाणे चालते. "मी शेतात गेले होते" किंवा "मी उद्या फवारतो" असे वाक्य आले, की मग कळते.

तोपर्यंत "तुम्ही"ची रूपेच पुरतात. "तुम्ही कधी पेरलंत?", "तुम्ही कोणतं औषध मारलंत?", "तुम्ही किती पाणी देता?" यांपैकी कशातही लिंग उघड होत नाही, त्यामुळे अंदाज बांधण्याची गरजच पडत नाही. नमस्काराच्या बाबतीत मात्र त्यांचेच रूप परत करावे. "रामराम"ला रामराम, "जय भीम"ला जय भीम, "राम कृष्ण हरी"ला राम कृष्ण हरी. काही सहकाऱ्यांच्या मते कक्षाने सर्वांना एकच "नमस्कार" लिहावा आणि त्यात गैर काही नाही, पण परत केलेला नमस्कार पुढचा प्रश्न सोपा करतो, असे माझे मत आहे.

पाठवणारा चिडलेला असेल तर?

त्याचा स्वर जुळवू नये, त्याची लांबी जुळवावी. "झाडं कोमेजताहेत म्हणून तीनदा विचारलं, कोणी उत्तर देत नाही, पीक गेलं आता" असा संदेश आला, तर दिलगिरीचे एक वाक्य आणि लगेच प्रश्न, एवढेच पुरे. "आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही मनःपूर्वक दिलगीर आहोत" हे वाक्य अशा माणसाला जाहिरातीसारखे वाटते. "उत्तर द्यायला उशीर झाला, माफ करा. आज झाडं कोमेजलेलीच आहेत की संध्याकाळी पुन्हा ताठ होतात?" असे लिहिल्यावर तो पिकाकडे वळतो. मर रोग आणि पाण्याचा ताण यांत फरक करण्यासाठी तो प्रश्न आवश्यकच असतो.

नुसता फोटो किंवा आवाजी संदेश आला तर शैली कशावरून ठरवायची?

नुसत्या फोटोवरून शैली ठरत नाही. "तुम्ही"चे साधे रूप, देवनागरी आणि एकच प्रश्न, एवढे पाठवावे आणि उत्तर येईल त्यावरून पुढचे ठरवावे. आवाजी संदेशाला शक्यतो आवाजातच विचारावे, कारण लिहिणे जमत नाही म्हणूनच काहीजण बोलून पाठवतात. केंद्र सरकारचे किसान कॉल सेंटर 2004 पासून दूरध्वनीवर चालते आणि तेथे बोलणाऱ्याला समोरच्याचा सूर ऐकून स्वतःला बदलता येते. लेखी कक्षात ती सोय नसते, आवाजी संदेशात मात्र ती थोडी मिळते.

हिंदीत किंवा कोकणीत संदेश आल्यास?

हिंदीत आल्यास हिंदीत, "आप" वापरून. नागपूर, गोंदिया भागातून एकाच संदेशात दोन्ही भाषा येतात. तेथे प्रश्न ज्या भाषेत विचारला गेला, ती भाषा घ्यावी. गोव्यातून कोकणीत संदेश आला आणि कक्षात कोकणी जाणणारे कोणी नसेल, तर मोडकी कोकणी लिहू नये. "कोकणी वाचता येते, लिहिता येत नाही, मराठीत विचारले तर चालेल का?" असे सरळ विचारावे. वाचताही येत नसेल, तर तेही स्पष्ट सांगावे.

एकाच संभाषणात दोन सहकाऱ्यांनी उत्तरे दिली तर?

सकाळी "तुम्ही, फोटो पाठवा" आणि दुपारी "आपण कृपया कळवावे" असे गेले, तर वाचणाऱ्याला काहीतरी बिनसले आहे असे वाटते. म्हणून नोंदीत लिपी, सर्वनाम आणि पिकासाठी वापरलेला शब्द एवढे तीन शब्द टिपून ठेवावेत. पाठवणाऱ्याने मधेच आपली शैली बदलली तर पुढच्या उत्तरापासून आपणही बदलावे, पण त्याने एकदाच "प्लीज" लिहिले म्हणून लगेच पायरी चढू नये.

जुळवणी चुकली आहे हे कशावरून ओळखावे?

सर्वांत स्पष्ट खूण म्हणजे संबोधन बदलणे. पहिल्या संदेशात "दादा" म्हणणारा माणूस आपल्या विचारणेनंतर "साहेब" म्हणू लागला, तर आपण विनाकारण उंचीवर जाऊन बसलो आहोत. दुसरी खूण म्हणजे "हे की ते" अशा प्रश्नाला "हो" असे उत्तर येणे. याचा अर्थ प्रश्न समजलेला नाही, पण तसे म्हणण्याचा संकोच वाटतो आहे. तिसरी खूण म्हणजे मूळ संदेश जसाच्या तसा पुन्हा येणे. या तिन्ही प्रसंगी प्रश्न पुन्हा पाठवू नये, तो मोडून लिहावा. दोन प्रश्न असतील तर एक ठेवावा आणि त्याचे उत्तर एका शब्दात देता येईल असा तो बनवावा.

गृहस्थ फार औपचारिक असतील आणि आपण सैल लिहिले असेल, तर खूण वेगळी असते. ते उत्तर देतात, पण पुढचे पत्र कक्षाच्या वरिष्ठांच्या नावाने येते.

शैली जुळवण्याचा विचारच करू नये, असा प्रसंग कोणता?

फवारणीनंतर माणसाला त्रास होत असल्याचा संदेश. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजुरांचा मृत्यू झाला. अशा संदेशात मळमळ, चक्कर, अंधुक दिसणे, तोंडातून लाळ गळणे यांपैकी काहीही असो, पाठवणाऱ्याने "महोदय" लिहिलेले असो किंवा इंग्रजी अक्षरांत दोन शब्द खरडलेले असोत, पहिले वाक्य प्रश्नाचे नसते: "त्यांना लगेच दवाखान्यात न्या. औषधाचा डबा सोबत घ्या. अंगावरचे कपडे काढून अंग साबणाने धुवा." त्यानंतरच विचारावे: "डब्यावर औषधाचं नाव काय आहे, आणि चौकोनाच्या खालच्या त्रिकोणाचा रंग कोणता आहे – लाल, पिवळा, निळा की हिरवा?" लाल रंग सर्वाधिक विषारी औषधासाठी असतो आणि हिरवा सर्वांत कमी. लिपी पाठवणाऱ्याची ठेवता आली तर ठेवावी, पण त्यासाठी एक मिनिटही घालवू नये, आणि शक्य असेल तर लिहिण्याऐवजी सरळ फोन करावा.